आउटपुट पोर्ट रिकामा, तरी पॅकेट अडलेलीच: राउटरमधला क्रॉसबार आणि हेड-ऑफ-लाइन ब्लॉकिंग (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

राउटरवर काम करणाऱ्या नव्या मुलांकडून हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात. उत्तरं एकमेकांवर उभी आहेत, म्हणून शक्यतो वरून खाली वाचा. गणित थोडंच आहे आणि ते कागदावर करून बघण्यासारखं आहे.

## पोर्ट मोकळा असताना त्याच्याकडे निघालेली पॅकेट कशी अडतात?

पिठाची गिरणी डोळ्यासमोर आणा. आत दोन यंत्रं आहेत. एकावर गहू-ज्वारी दळतात, दुसऱ्यावर मिरची-मसाला कांडतात. बाहेर मात्र रांग एकच. मसाल्याच्या दिवसांत कांडपावर आधीचाच माल पडून आहे आणि रांगेत सर्वांत पुढे मिरचीची पिशवी घेतलेल्या काकू उभ्या आहेत. त्यांच्या मागे गव्हाचे पाच डबे. गव्हाची चक्की थांबलेली आहे, तिला काम हवं आहे. तरी ते पाच डबे पुढे सरकू शकत नाहीत, कारण रांगेचा नियम पुढच्याला आधी सोडण्याचा आहे.

राउटरच्या इनपुट पोर्टावर एकच रांग असली की नेमकं हेच होतं. रांगेच्या तोंडाशी असलेल्या पॅकेटला ज्या आउटपुटकडे जायचं आहे तो व्यस्त असतो, आणि त्याच्या मागची, भलत्याच मोकळ्या आउटपुटकडे निघालेली पॅकेट विनाकारण खोळंबतात. यालाच हेड-ऑफ-लाइन ब्लॉकिंग म्हणतात, थोडक्यात एचओएल.

## क्रॉसबार म्हणजे काय? आणि रांग इनपुटवरच का लावतात, आउटपुटवर का नाही?

आडव्या तारा इनपुटच्या, उभ्या तारा आउटपुटच्या, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे एकेक इलेक्ट्रॉनिक बटण: हा क्रॉसबार. वेळेचे समान तुकडे पाडलेले असतात, त्यांना टाइमस्लॉट म्हणतात. नियम दोनच. एका स्लॉटमध्ये एका इनपुटकडून एकच तुकडा निघेल, आणि एका आउटपुटकडे एकच तुकडा पोचेल. वेगवेगळ्या जोड्या मात्र एकाच वेळी चालू शकतात, आणि क्रॉसबारची सगळी ताकद त्यातच आहे.

‘तुकडा’ म्हणालो, कारण लहानमोठी पॅकेट जशीच्या तशी आत सोडत नाहीत. ती कापून सारख्या मापाचे सेल करतात आणि पलीकडे पुन्हा जोडतात. या पानावर सेल ६४ बाइटचा धरू. १० गिगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या पोर्टावर असा सेल यायला ५१.२ नॅनोसेकंद लागतात. पुढे शेड्युलरबद्दल, म्हणजे कुठला सेल कधी सोडायचा हे ठरवणाऱ्या भागाबद्दल, वाचताना हा आकडा लक्षात असू द्या.

रांग आउटपुटवर लावली असती तर एचओएलचा प्रश्नच आला नसता. पण मग १६ पोर्टांच्या राउटरमध्ये सोळाही इनपुटनी एकाच क्षणी एकाच आउटपुटकडे माल पाठवला, तर त्या एका आउटपुटच्या मेमरीला १६० गिगाबिटच्या वेगाने लिहून घ्यावं लागेल आणि वर १० गिगाबिटने वाचून बाहेर सोडावं लागेल, म्हणजे १७०. रांग इनपुटवर असेल तर प्रत्येक इनपुटच्या मेमरीला १० लिहायचे आणि १० वाचायचे, एकूण २० पुरतात. पोर्ट वाढवत गेलं की पहिला आकडा वाढत जातो, दुसरा तिथेच राहतो. मेमरीचा वेग लिंकच्या वेगाइतका झपाट्याने कधीच वाढला नाही. मोठ्या राउटरमध्ये रांग इनपुटकडे सरकली ती यामुळे.

## कागदावर करून बघता येईल असं एखादं उदाहरण?

तीन इनपुट आणि क, ख, ग असे तीन आउटपुट घ्या. प्रत्येक इनपुटकडे दोन सेल आहेत, डावीकडचा रांगेत पुढे.

```
इनपुट 1:  क  ख
इनपुट 2:  क  ग
इनपुट 3:  क  ख
```

एकच रांग असेल तर पहिल्या स्लॉटमध्ये तिघांच्याही तोंडाशी ‘क’ आहे. एकालाच परवानगी मिळेल, समजा इनपुट १ ला. ख आणि ग मोकळेच राहिले. दुसऱ्या स्लॉटमध्ये इनपुट १ चा ख जातो आणि इनपुट २ चा क. तिसऱ्यात इनपुट २ चा ग आणि इनपुट ३ चा क. इनपुट ३ चा ख शेवटी चौथ्या स्लॉटमध्ये निघतो. एकूण चार स्लॉट.

आता मागच्याला पुढे जायची मुभा द्या. पहिल्या स्लॉटमध्ये १ चा क, २ चा ग, ३ चा ख. दुसऱ्यात १ चा ख, २ चा क. तिसऱ्यात ३ चा क. तीन स्लॉटमध्ये संपलं. ‘क’ कडे तीन सेल जायचे आहेत, म्हणून तीनपेक्षा कमी स्लॉट शक्यच नाहीत. वाया गेलेला चौथा स्लॉट हा शुद्ध एचओएलचा खर्च.

## ५८.६ टक्के हा प्रसिद्ध आकडा कुठून आला?

एटी अँड टी बेल लॅब्जमध्ये मार्क कॅरोल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की इनपुटवर एकच रांग, ट्रॅफिक सर्वत्र सारखं पसरलेलं आणि पोर्टांची संख्या खूप मोठी असेल, तर क्रॉसबारची क्षमता `2 − √2` म्हणजे ०.५८६ वर अडकते. रांगेत कितीही माल उभा असला तरी त्यापुढे जात नाही.

मोठ्या संख्येसाठीची सिद्धता इथे देत नाही, पण दोन इनपुट-दोन आउटपुटचं गणित दोन मिनिटांचं आहे आणि ते प्रत्येकाने एकदा स्वतः करावं. दोन्ही रांगा सतत भरलेल्या आहेत आणि प्रत्येक सेलचं ठिकाण नाणं उडवून ठरतं. दोन्ही तोंडांशी वेगवेगळे आउटपुट असतील तर त्या स्लॉटमध्ये दोन सेल जातात, आणि पुढच्या स्लॉटसाठी दोन्ही तोंडांशी नवे सेल येतात. ते वेगळे असण्याची शक्यता निम्मी. दोन्ही तोंडांशी सारखाच आउटपुट असेल तर एकच सेल जातो, दुसरा जागीच थांबतो. गेलेल्याच्या जागी आलेला नवा सेल थांबलेल्यापेक्षा वेगळा असण्याची शक्यता पुन्हा निम्मी. म्हणजे सुरुवात कुठूनही करा, निम्म्या स्लॉटमध्ये दोन सेल जातात आणि निम्म्यांत एक. सरासरी दीड. क्षमता दोनची, म्हणून ७५ टक्के.

चार पोर्टांना हाच आकडा ६५.५ होतो, आठ पोर्टांना ६१.८, आणि पुढे तो हळूहळू ५८.६ कडे उतरतो.

## म्हणजे प्रत्यक्षात निदान ५८ टक्के तरी मिळतीलच ना?

नाही. हा आकडा ‘निदान इतके’ असा समजला जातो, आणि हा गैरसमज मला फार खटकतो. नाणं उडवून ठिकाण ठरणाऱ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या सेलचा हा हिशोब आहे. खरं ट्रॅफिक झुबक्यांनी येतं. समजा सगळ्या इनपुटकडे आधी ‘क’ चा लांब झुबका आहे, मग ‘ख’ चा, मग ‘ग’ चा, आणि सगळ्यांचा क्रम तोच आहे. क पाळीपाळीने प्रत्येकाला घेतो, त्यामुळे सगळे झुबके जवळजवळ एकदमच संपतात आणि मग सगळे मिळून ख वर जाऊन आदळतात. कोणत्याही क्षणी जवळपास एकच आउटपुट काम करत असतो. १६ पोर्टांच्या राउटरची क्षमता इथे सोळाव्या हिश्शाच्या आसपास येते.

## मग उपाय काय?

प्रत्येक इनपुटवर एकाऐवजी जितके आउटपुट तितक्या रांगा. क कडे जाणाऱ्यांची वेगळी, ख कडे जाणाऱ्यांची वेगळी. यांना व्हर्च्युअल आउटपुट क्यू, म्हणजे व्हीओक्यू म्हणतात. गिरणीत मिरचीची आणि गव्हाची रांग वेगळी केली, इतकंच. मेमरी जास्त वेगवान लागत नाही, कारण या रांगा एकाच मेमरीत पत्त्यांच्या साखळीने बांधलेल्या असतात. इनपुटकडून स्लॉटमागे सेल अजूनही एकच निघतो.

यामुळे एचओएल मुळापासून जातं. पण काम शेड्युलरवर येऊन पडतं. आता १६ इनपुटच्या प्रत्येकी १६ रांगा, म्हणजे २५६ रांगांपैकी कुठल्या सोडायच्या हे दर ५१.२ नॅनोसेकंदांनी ठरवायचं, आणि तेही एका इनपुटला एक, एका आउटपुटला एक हा नियम पाळून.

## शेड्युलर हे इतक्या कमी वेळात कसं ठरवतो?

सर्वांत चांगली जुळणी शोधायची तर प्रत्येक रांगेच्या लांबीला वजन समजून, एकूण वजन सर्वांत जास्त भरेल अशा जोड्या निवडायच्या. कुठल्याही आउटपुटवर क्षमतेपेक्षा जास्त भार नसेल तर ही पद्धत पूर्ण शंभर टक्के क्षमता देते, हे सिद्ध आहे. पण तिचं गणित पोर्टांच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ५१ नॅनोसेकंदांत ते बसत नाही.

म्हणून हार्डवेअरमध्ये सोप्या पद्धती वापरतात. त्यातली आय-स्लिप ही निक मॅकिऑन यांची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बर्कलेच्या त्यांच्या पीएचडीत ती आली, आणि सिस्को १२००० मालिकेच्या राउटरच्या क्रॉसबारला तिच्याच घराण्यातली पद्धत होती. तिच्या तीन पायऱ्या आहेत. ज्या रांगेत माल आहे त्या सर्वांसाठी इनपुट आपापल्या आउटपुटकडे मागणी करतो. प्रत्येक आउटपुट आपल्या गोल फिरणाऱ्या काट्यापासून सुरुवात करून पहिल्या मागणाऱ्याला होकार देतो. एखाद्या इनपुटला अनेक होकार आले तर तोही स्वतःच्या काट्यापासून पहिला होकार स्वीकारतो.

खरी करामत काटा कधी पुढे सरकवायचा यात आहे. दोन इनपुट, दोन आउटपुट, चारही रांगा भरलेल्या आणि दोन्ही आउटपुटचे काटे इनपुट १ वर आहेत असं धरा.

काटा दर वेळी सरकवला तर काय होतं बघा. पहिल्या स्लॉटमध्ये क आणि ख दोघेही इनपुट १ ला होकार देतात. तो एकच स्वीकारतो, इनपुट २ रिकामा बसतो. दोन्ही काटे सरकून २ वर येतात. पुढच्या स्लॉटमध्ये दोघेही इनपुट २ ला होकार देतात. पुन्हा एकच सेल. काटे परत १ वर. दोन्ही काटे एकमेकांच्या गळ्यात गळा घालून फिरत राहतात आणि क्षमता कायमची ५० टक्क्यांवर बसते. व्हीओक्यू नसतानाच्या ७५ पेक्षाही वाईट!

आय-स्लिपचा नियम असा, की होकार प्रत्यक्षात स्वीकारला गेला तरच काटा सरकवायचा, तोही त्या इनपुटच्या एक घर पुढे. पहिल्या स्लॉटमध्ये इनपुट १ ने क चा होकार स्वीकारला. क चा काटा २ वर गेला, ख चा नाकारला गेला म्हणून तो १ वरच राहिला. दुसऱ्या स्लॉटमध्ये क होकार देतो २ ला, ख देतो १ ला, आणि दोन्ही सेल जातात. आता क चा काटा १ वर, ख चा २ वर. इथून पुढे प्रत्येक स्लॉटमध्ये दोन सेल. पहिल्या धडकेनेच काटे वेगळे झाले आणि पुन्हा एकत्र आले नाहीत. एका छोट्या अटीमुळे ५० चे १०० टक्के होतात. हे पहिल्यांदा कागदावर सुटलं तेव्हा मी ते तीनदा तपासलं होतं.

मर्यादाही सांगायला हवी. ट्रॅफिक सर्व आउटपुटवर सारखं पसरलेलं असेल तरच आय-स्लिप शंभर टक्के देते. ते एकांगी असेल तर अशी हमी नाही. एका स्लॉटमध्ये या तीन पायऱ्या दोन-चारदा फिरवून उरलेल्या जोड्या जुळवतात, पण काटे फक्त पहिल्या फेरीतच सरकवतात. नाहीतर एखादी रांग उपाशी राहू शकते.

## व्हीओक्यूची कटकट नको. क्रॉसबारच लिंकच्या दुप्पट वेगाने चालवला तर?

मोह पडण्यासारखा विचार आहे. ५८.६ ची दुप्पट ११७, म्हणजे सारख्या पसरलेल्या ट्रॅफिकला साधी रांगही पुरेल. पण वेग दुप्पट केला की आउटपुटवर लिंकच्या वेगापेक्षा जास्त माल येतो, म्हणून तिथेही बफर लागतो. एखादा आउटपुट सतत भरून वाहत असेल तर तो बफर भरतो आणि मागे ‘थांबा’ असा निरोप जातो. मग त्या आउटपुटकडे निघालेला सेल इनपुटच्या तोंडाशी अडतो, आणि मागचे सगळे पुन्हा खोळंबतात. एचओएल थोडं उशिरा आलं, इतकंच.

व्हीओक्यूच्या जोडीला मात्र दुप्पट वेग फार कामाचा आहे. जिम दाय आणि बालाजी प्रभाकर यांनी २००० साली सिद्ध केलं, की दुप्पट वेग असेल तर आणखी जोडी जुळवायला जागाच उरणार नाही अशी कुठलीही साधी जुळणीसुद्धा शंभर टक्के क्षमता देते, ट्रॅफिक एकांगी असलं तरी. अट एकच, कुठल्याही पोर्टावर क्षमतेपेक्षा जास्त भार नको. वर सांगितलेली आय-स्लिपची मर्यादा व्यवहारात यामुळे बोचत नाही.

## एखाद्या यंत्रात एचओएल आहे की नाही, हे टेस्टरवर कसं तपासायचं?

आरएफसी २८८९ या स्विचच्या चाचण्यांच्या दस्तऐवजात यासाठी चार पोर्टांची चाचणी आहे. दोन पोर्टांतून माल आत सोडायचा, दोनांतून बाहेर मोजायचा. पहिला इनपुट निम्मा माल ‘क’ ला आणि निम्मा ‘ख’ ला पाठवतो. दुसरा इनपुट सगळा माल ‘क’ लाच पाठवतो. पोर्ट १० गिगाबिटचे असतील तर क वर १५ गिगाबिट येतात, तिथे गळती होणारच. ख वर फक्त ५ येतात, म्हणजे तो निम्मा रिकामा. ख चं एकही पॅकेट हरवता कामा नये. हरवलं तर एचओएल आहे.

या चाचणीने मला एकदा चांगलंच फसवलं होतं. लॅबमध्ये एक जुना स्विच आला होता. ६४ बाइटच्या फ्रेम, एक क ला एक ख ला अशा आलटून पालटून सोडल्या. ख वर सगळा माल पोचला आणि मी ‘पास’ लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याने तीच चाचणी १५१८ बाइटच्या फ्रेमवर लावली आणि ख वर ५ ऐवजी ३.४ च्या आसपास गिगाबिट दिसले. स्विच तोच, वायरी त्याच.

कारण हिशोबात सापडलं. क हा दोन्ही इनपुटना पाळीपाळीने सेल देऊ करतो. इनपुट १ च्या रांगेत क, ख, क, ख असे एकेक सेल असतील तर तो ख चा सेल पाठवत असताना क दुसऱ्या इनपुटला घेतो, आणि इनपुट १ परत क मागायला येतो तेव्हा पाळी त्याचीच असते. त्याला कधी थांबावंच लागत नाही. दोष आहे, पण क्रम इतका नीट जुळला की तो लपला. १५१८ बाइटची फ्रेम मात्र २४ सेलची होते. मग क चे २४ सेल सलग येतात आणि प्रत्येकाच्या मध्ये एक स्लॉट दुसऱ्या इनपुटला द्यावा लागतो, म्हणून त्यांना ४७ स्लॉट लागतात. त्यामागून ख चे २४ सेल, २४ स्लॉटमध्ये. एकूण ७१ स्लॉटपैकी ख ला २४. सलग सेलची संख्या k असेल तर ख चा वाटा असा:

```
k / (3k − 1)
k = 1   →  0.500  →  5.0 Gbps
k = 10  →  0.345  →  3.4 Gbps
k = 24  →  0.338  →  3.4 Gbps
```

गणित सोपं राहावं म्हणून दोन फ्रेममधली मोकळी जागा यात धरलेली नाही. तेव्हापासून मी ही चाचणी लहान फ्रेम, मोठ्या फ्रेम आणि झुबके अशा तिन्ही प्रकारे करतो, आणि तुम्हीही तसंच करा. फक्त आलटून पालटून सोडलेल्या लहान फ्रेमच्या निकालावर कुणी ‘आमच्यात एचओएल नाही’ म्हणालं, तर तो निकाल धरू नका.

## व्हीओक्यू असलेल्या राउटरमध्ये हा त्रास पुन्हा येऊ शकतो का?

येतो, आणि मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट रांगांच्या बारकाव्याची. काही रचनांमध्ये व्हीओक्यू प्रत्येक आउटपुट पोर्टाची नसून प्रत्येक लाइन कार्डाची असते. त्या कार्डावर आठ पोर्ट असतील आणि एक तुंबला, तर उरलेल्या सातांचा माल त्याच रांगेत मागे उभा राहतो. विकत घेण्याआधी ‘व्हीओक्यू आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. ‘कोणासाठी आहे, पोर्टासाठी की कार्डासाठी, आणि प्रत्येक प्रायॉरिटीला वेगळी आहे का’ हे विचारा.

दुसरी वाट यंत्राबाहेरची. इथरनेटची पॉज फ्रेम पाठवून स्विच मागच्या यंत्राला थांबायला सांगतो, तेव्हा त्या लिंकवरचा सगळा माल थांबतो, मोकळ्या पोर्टांकडे निघालेलासुद्धा. प्रायॉरिटीवार पॉज वापरलं तर निदान त्या एका वर्गापुरतंच होतं. आत एकही रांग अडलेली नसते, पण आख्खी वायरच एक रांग बनते.

## चालू नेटवर्कमध्ये हे कसं ओळखू?

तक्रार ज्या पोर्टाची आहे त्याच्यापासून सुरुवात करा. त्याची लिंक भरलेली नाही, आउटपुट रांग रिकामी आहे, तरी त्याच्याकडे जाणारा माल गळतोय किंवा उशिरा पोचतोय. मग गळती इनपुट बाजूच्या आकड्यांत शोधा. ती ज्या इनपुटवर दिसेल त्याच इनपुटवरून आणखी कुठल्या पोर्टाकडे माल जातो ते बघा. त्यातला एखादा काठोकाठ भरलेला सापडला, की त्याच्यावरचा भार काही मिनिटं कमी करा. तुमच्या मोकळ्या पोर्टाची गळती त्याच क्षणी थांबली तर कारण सापडलं.

व्हीओक्यू असलेल्या राउटरवर आकडे वाचताना एक उलटी गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे भरलेल्या आउटपुटची गळतीसुद्धा इनपुटच्या मेमरीतच होते, कारण माल तिथेच उभा असतो. म्हणून इनपुटकडे गळती दिसली की लगेच एचओएल म्हणू नका. सिस्कोच्या एनसीएस ५५०० वर असं बघता येतं:

```
show controllers npu stats voq ingress interface HundredGigE0/0/0/1 instance all location 0/0/CPU0
```

इथे इंटरफेसचं नाव बाहेर जाणाऱ्या पोर्टाचं द्यायचं. गळती फक्त त्या भरलेल्या पोर्टाच्या व्हीओक्यूत असेल तर राउटर बरोबर वागतोय, तुम्हाला त्या लिंकची क्षमता वाढवायची आहे. मोकळ्या पोर्टाच्या व्हीओक्यूत गळती असेल तर पुढचा प्रश्न राउटर बनवणाऱ्याला विचारायचा. आणि दोन्हींत गळती नसूनही माल कमी पोचत असेल, तर इंटरफेसवरचे पॉज फ्रेमचे आकडे उघडा. माल बहुधा तुमच्या राउटरच्या दाराबाहेरच उभा आहे.